अश्वत्थाम्याचं सोपं इंग्रजी

बुऱ्हाणपुरात कुणाला इंग्रजीत अर्ज हवा असला, की कुसुमबाईंची आठवण येते. एरवी येत नाही. शाळेत इंग्रजी शिकवून बाईंचा घसा बसलेला, घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचं सगळं बघायचं, आणि त्यात दारात कुणीतरी कागद घेऊन उभं. एवढं इंग्लिश करून द्या म्हणे, जणू चहात साखर टाकायची आहे. बाई कुरकुरत, पण नाही म्हणत नसत. नाही म्हणायलाही अंगात त्राण लागतं.

या खेपेला कागद घेऊन आला तो धाकटा दीर चुडामण. असीरगढच्या किल्ल्यावर तो मराठी-हिंदीतून गाईडचं काम करतो. इंदूरच्या एका टूरवाल्याने रविवारी परदेशी पाहुणे पाठवायचं कबूल केलं होतं. जमलं तर पुढचे सगळे गट चुडामणकडे. नाही जमलं तर टूरवाला इंदुराहूनच गाईड आणणार, आणि चुडामणला पुन्हा केळीचे ट्रक भरायला जावं लागणार. त्याची कंबर आता ते सोसणारी नव्हती.

त्याच्या मराठी टिपणांत आसा अहीर, फारुकी, अकबर, मराठे, इंग्रज असे किल्ल्याचे सगळे धनी ओळीने बसलेले. शाळेच्या मधल्या सुट्टीत, डबा बाजूला सारून, बाईंनी ते उतरवायला घेतलं. पाहुणे कुठल्या देशाचे, त्यांचं इंग्रजी कसं, कुणाला ठाऊक. म्हणून जड शब्द सगळे काढले. वेढा म्हणजे सैन्य किल्ल्याभोवती बसून राहिलं आणि धान्य आत जाऊ दिलं नाही. सुभेदार म्हणजे राजाने नेमलेला माणूस. सनावळी छाटली, अकबराने किल्ला घेतला तेवढंच साल ठेवलं. वाक्यं इतकी आखूड केली, की पाचवीच्या मुलीलाही कळावीत. चुडामणने ती आरतीच्या चालीवर घडाघडा पाठ केली, आणि बाईंना वाटलं, सुटले.

शनिवारी तो त्यांना रंगीत तालमीसाठी किल्ल्यावर घेऊन गेला. दारापाशी बाईंनी परदेशी मॅडम होऊन इंग्रजीत विचारलं, की वाट इतकी वळणावळणाची का. चुडामण थबकला, घाम पुसला, आणि पुन्हा गुड मॉर्निंगपासून सुरू झाला. मशिदीपाशी मीनारांविषयी विचारलं, तरी पुन्हा गुड मॉर्निंग. आरती मधूनच धरता येत नाही, तसं झालं होतं. बाईंचा संताप झाला. मग त्या एका दगडावर बसल्या आणि संतापायचाही कंटाळा आला.

"वहिनी, राहू द्या," चुडामण म्हणाला. "माझ्याच्यानं नाही होणार. तुम्हाला फालतू परेशान केलं."

पण बसल्या बसल्या बाईंना आपलीही चूक दिसली. त्यांनी राजांच्या क्रमाने लिहिलं होतं, आणि माणूस किल्ल्यात चालतो तो वाटेच्या क्रमाने. तिथेच त्यांनी जुना कागद फाडला आणि जागेगणिक वेगवेगळे कागद लिहिले. दाराचा एक, मशिदीचा एक, तळ्याचा एक, गुप्तेश्वराच्या देवळाचा एक. प्रत्येक कागद 'इकडे बघा' म्हणून सुरू होणारा, एकाचा दुसऱ्यावर भार नाही. पाठ काही करायचं नाही, समोर दिसतं ते सांगायचं.

देवळाचा कागद मात्र अडला. अश्वत्थामा पहाटे येऊन पिंडीवर फूल वाहतो, हे इथे शेंबड्या पोरालाही माहीत. ज्यांनी महाभारत ऐकलेलंच नाही त्यांना ते कसं सांगायचं? बाईंनी लिहिलं: लोक असं म्हणतात. एका योद्ध्याने झोपलेली मुलं मारली. त्याला शिक्षा झाली. त्याच्या कपाळावर जखम आहे. ती बरी होत नाही. तो मरत नाही. मग पेन थांबलं. न मरणं ही शिक्षा कशी, असं पाहुणे विचारतीलच. बाईंनी आणखी एक वाक्य घातलं: तो खूप थकला आहे.

रविवारी चुडामणने गळ घातली म्हणून बाई घोळक्याच्या मागे उभ्या राहिल्या. दार, मशीद, तळं नीट पार पडलं. देवळात चुडामणने शेवटचं वाक्य सांगितलं, तशी एका वयस्क पाहुणीने हळूच विचारलं, की देव त्याला सोडवत नाही, तरी तो रोज फूल का आणतो.

याचं उत्तर कागदावर नव्हतं. आता पुन्हा गुड मॉर्निंग, असं म्हणून त्यांनी डोळे मिटून घेतले.

चुडामणने पिंडीकडे पाहिलं. मग आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत तो सावकाश बोलला. "रोजचं काम आहे, मॅडम. थकला तरी करतो. तो नाही करणार तर कोण करणार?"

पाहुणीने मान डोलावली. चुडामण 'इकडे बघा' म्हणत पुढे निघाला. घोळका त्याच्यामागे गेला. कुसुमबाई मात्र देवळाच्या पायरीवर बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या.