एका शेतकऱ्याला किती टोकन?

राजापेठेतल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत मी टेस्टर होते. अकोल्याच्या एका खरेदी केंद्रासाठी आम्ही सोयाबीन आणणाऱ्या शेतकऱ्यांच्या नोंदणीचं ॲप करत होतो. एकाच शेतकऱ्याला एकाच दिवसाची दोन टोकनं मिळतात, असा बग मी नोंदवला. डेव्हलपरनं तो तिसऱ्यांदा परत पाठवला, तेव्हा मी त्याच्या टेबलापाशी गेले.

"बग नाही हा, मॅडम. एकच टोकन द्यायचं, असं रिक्वायरमेंटमधी कुठं लिवलं आहे?"

"लिवाले कायले पाहिजे? एका माणसाले दोन नंबर कायले लागतीन?"

"मले जे सांगतलं, ते मी केलं."

दोघंही थकलो होतो. शेवटी अकोल्याला फोन लावला. तिथले व्यवस्थापक म्हणाले, "दोन गावांत शेती असली, दोन वावरं असली, तर दोन टोकनं लागतात. एका वावराचं मात्र एकच. हे सांगायचं राहूनच गेलं."

म्हणजे माझा बग खरा नव्हता आणि त्याचं ॲपही पुरं नव्हतं. बग बंद करून मी नवी रिक्वायरमेंट लिहिली. काम त्याच्याच वाट्याला गेलं. जिंकल्यासारखं मला मुळीच वाटलं नाही. चहाला येतोस का, म्हणून विचारलं, तर स्क्रीनवरची नजर न काढता तो म्हणाला, "आधी सांगा, एकाच गावात दोन वावरं असली तर?"

मी पुन्हा फोन उचलला.