नवरीमागची निळी खिडकी

चंदनभाऊंनी वीस वर्षांत हजारभर लग्नांचे फोटो काढले, पण एकाही नवरीचा खरा रंग काढला नाही, असं त्यांच्या हाताखालची छाया मनातल्या मनात म्हणायची. आंजी गावात रुपाच्या साखरपुड्याला तेच झालं. रुपा पिवळ्या हॅलोजनसमोर बसलेली, मागे उघड्या खिडकीत ढगाळ दुपार. कॅमेऱ्यातला रंगांचा तोल दिव्याला जुळवला की बाहेरची कपाशी निळी पडे. बाहेरच्या उजेडाला जुळवला की रुपा केशरी होई.

“पोरगी व्हय का संत्रं?” रुपाची आजी मनकर्णाबाई स्क्रीन पाहून म्हणाली. “लग्नाले दुसरा फोटूवाला पाहा.”

चंदनभाऊंनी ऐटीत उजेडाचा रंग बदलणारा पारदर्शक निळा जिलेटिन कागद खिडकीवर लावला. कपाशी आणखी निळी झाली.

“भाऊ, हा कागद दिव्याले लागते, खिडकीले नाई,” छाया म्हणाली.

“तू मले शिकवून राह्यली?”

“वीस वर्षांत कोनी शिकवलं नाई, म्या काय शिकवू!”

छायानं कागद काढून दिव्यासमोर लावला. त्यानं पिवळा उजेड बाहेरच्यासारखा झाला, पण घटला, म्हणून दिवा जवळ ओढला आणि कॅमेरा बाहेरच्या उजेडाला जुळवला. रुपा गव्हाळ आली, कपाशी हिरवी.

मनकर्णाबाईनं स्क्रीन निरखली. “लग्नाले तूच येजो, पोरी. आन याले दिवा धराले आणजो.”