आठाच्या आकड्यावरची हळद

अमेरिकेत, अ‍ॅरिझोनातल्या चँडलरमध्ये जुन्या गाड्यांचा माझा छोटासा धंदा आहे. कुणाच्या मदतीशिवाय उभा केलाय. पण आमच्या महाराष्ट्र मंडळाचे खजिनदार चारचौघांत म्हणाले होते, "याला गाडी विकायची म्हणजे पोलीस चौकीत जाण्यासारखं." लोक हसले. मी ते विसरलेलो नाही.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्याच शेजारचं एक तरुण जोडपं नागपूरला कायमचं परत निघालं. रविवारचं विमान, आणि गाडी अजून विकायची होती. त्यातल्या मुलीने मला गाडीच्या रजिस्ट्रेशनच्या कागदाचा फोटो पाठवला. मी तो मोठा करून पाहिला. व्हिनमध्ये, म्हणजे गाडीच्या कायमच्या नंबरात, दोन आठ होते. एक छापील, कमरेत बारीक. दुसरा गुबगुबीत, ओळीपेक्षा जरा वर चढलेला. सगळ्या कागदावर खिडकीची सावली, आणि या आठाभोवती मात्र पांढराशुभ्र उजेड! तिथली बारीक नक्षीसुद्धा पुसलेली.

मी तडक त्यांच्या दारात.

"हा आठ कुणी बनवला?"

नवरा गडबडला. "काका, तो मीच..."

"मीच? वर तोंड करून सांगतोस?"

"अहो काका, ऐका तरी!" मुलगी मूळ कागद घेऊन धावत आली. "दसऱ्याला गाडीसमोर कागदही पूजेला ठेवले होते. हळद-कुंकवाचं पाणी सांडलं. आकडा पुसट झाला, म्हणून यांनी पेनने गिरवला."

कागदावर केशरी डाग होता, त्यावर बॉलपेनचा आठ.

"मग फोटोत डाग कुठे गेला?"

"मी फोनवर पुसला. शेजारचे खजिनदार काका म्हणाले, तुम्हाला एक डाग दिसला की भाव पाडता."

मी बाहेर गाडीकडे गेलो. विंडशील्डखालचा नंबर वाचला, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं स्टिकर पाहिलं, मालकीचा कागद मागून घेतला. तिन्ही ठिकाणी तोच नंबर, गिरवलेल्या जागी आठच. गाडी सोन्यासारखी होती.

आरडाओरडा ऐकून खजिनदार कुंपणाशी आले होते. "काय, पकडला का चोर?"

"चोर नाही, चित्रकार निघाला," मी म्हणालो. "आणि चित्रकाराचा गुरू कुंपणापलीकडे उभा आहे!"

मुलगी खो खो हसत सुटली. नवराही हसला. खजिनदारांना हसण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

मी त्यांच्यादेखत, मुलांनी मागितलेल्या भावातच गाडी घेतली. मला घासाघीस न करता व्यवहार करताना पाहून खजिनदारांचा जो चेहरा झाला तो बघण्यासारखा होता.

"काकू, पूजा करा हं गाडीची," जाताना मुलीने माझ्या बायकोला फोनवर सांगितलं.

बायकोने केली. नारळ, हळद, कुंकू, सगळं साग्रसंगीत. मी कागद शर्टाच्या आत घालून लांब उभा होतो.