वडील काय करतात?

निघताना बिरदेवनं लेकीला बजावलं, "बाप काय करतो म्हनून इचारलं, तर शेतकरी सांगायचं. मेंढरांचं काढू नगं."

"का आबा?"

"हसत्यात लोकं. जा, गाडी सुटंल."

पाटसहून शिरूरकडं जाताना करिश्मा तेच एक वाक्य घोळवत राहिली. डिप्लोमा झाला होता, रांजणगावच्या कारखान्यात ट्रेनीची जागा होती, आणि शेवटची मुलाखत उरली होती.

समोर दोघं बसले होते, एचआरच्या मोनिका मॅडम आणि उत्पादन विभागाचे संपत सर.

"वडील काय करतात?" मॅडमनी विचारलं.

"शेती. ऊस आहे."

संपत सर खुर्चीत पुढं सरकले. "आमचाही ऊसच. यंदा आडसाली लावलाय की सुरू?"

उसाच्या लागणीच्या हंगामांचे हे शब्द करिश्मानं नुसते ऐकलेले. काहीतरी ठोकून द्यावं असं वाटलं, पण पुढचा प्रश्न येणारच होता.

"सर, मी चुकीचं सांगितलं. ऊस आमचा नाही. वडील मेंढरं राखतात. दिवाळीनंतर कळप घेऊन बाहेर पडतात, लोकांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवतात. आमचं थोडं जिराईत रान आहे, त्यावर भागत नाही."

"मग आधी का नाही सांगितलं?" मॅडम म्हणाल्या.

"लाज वाटली, मॅडम."

"शाळा कुठं केली?"

"लहानपणी कळपाबरोबर जायचे, तेव्हा वर्षातले बरेच महिने शाळा बुडायची. नंतर आत्यानं पाटसला ठेवून घेतलं. पण गणित कच्चं राहिलं होतं. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी त्यातच नापास झाले. मग सुट्टीत पाचवीपासूनची पुस्तकं पुन्हा काढली, आणि पुढच्या परीक्षेला विषय सुटला."

कळपामागं फिरताना आईचे झालेले हाल ओठावर आले होते. ते तिनं गिळले. कीव करून दिलेली नोकरी तिला नको होती.

"समज, रात्रपाळीला मशीन बंद पडलं," संपत सर म्हणाले, "आणि चूक तुझीच आहे."

"सांगेन, सर."

"लगेच?"

"आज जरा उशीर झाला."

मॅडम हसल्या. सर हसले नाहीत. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि बाहेर थांबायला सांगितलं.

ती बाहेरच्या बाकड्यावर जाऊन बसली. तोंडानंच घात केला, असं मनात पुन्हा पुन्हा येत होतं. आत कोण काय बोलतंय याचा अंदाज लागत नव्हता. बऱ्याच वेळानं मॅडम दारात आल्या. "उद्या मेडिकलला ये. उपाशीपोटी ये, रक्त तपासायचंय."

फाटकाबाहेर येऊन तिनं फोन लावला.

"काय सांगितलंस?" बिरदेवनं आधी तेच विचारलं.

"मेंढरं राखता म्हणून सांगितलं, आबा. आधी मी ऊस म्हणाले, तिथंच अडकले."

पलीकडं नुसती मेंढरं ओरडत होती.

"मग?"

"मेडिकलला बोलावलंय."

"मेंढरं म्हनलीस तरी?"

"व्हय, आबा."

त्यानं फोन बंद केला नाही. तिला ऐकू आलं, तो आईला सांगत होता, "मेंढरं राखतो म्हनली, सरळ. सायबांम्होरं."