लाखेच्या दोन बांगड्या

मला मेलीला प्रत्येक गोष्टीच्या पोटात डोकवायची खोड. त्या दिवशी चेन्नईत टी. नगरच्या सराफाकडे ती नडली.

सासूबाईंना आपल्या दोन लाखेच्या बांगड्या मोडून माझ्या लेकीला चेन करायची होती. सराफाने दोन्ही तोलल्या. प्रत्येकी वीस ग्रॅम, अगदी सारख्या.

"वरचा पत्रा तेवढा सोन्याचा, आत लाख," तो म्हणाला. "न फोडता द्यायच्या तर निम्मं वजन लाखेचं धरून घट लावतो. दोन्हींचे मिळून वीस ग्रॅमचे पैसे देतो."

"दे म्हण त्याला," सासूबाई घाईने म्हणाल्या.

"असं कसं आई? निम्मंच कशावरून?" मी हटून बसले. माझ्या कानातले पोकळ झुमके दाखवून विचारलं, यांनाही एवढीच घट का? तो हसला. यांत लाख नाही, वजन पूर्ण धरायचं. पण जोड फार, जोडाच्या डाखात सोनं कमी, म्हणून वितळवल्यावर कस उतरतो, त्याची घट. मला भारीच मजा वाटायला लागली.

"मग लाख काढून तोला. आमच्यासमोर."

"फोडल्यावर बांगडी परत होणार नाही, अम्मा."

सासूबाईंनी माझा दंड धरला. "जाऊ दे गं. एवढ्या-तेवढ्यासाठी कशाला?" मला वाटलं, बांगड्यांवरची माया. मी ऐकते कुठली!

कारागिराने आधी सासूबाईंची उजव्या हातातली बांगडी चिरली आणि तापवली. काळपट लाख वितळून बाहेर आली, वास सुटला. उरलेला पत्रा साफ करून तोलला, तेरा ग्रॅम. "बघा!" मी सासूबाईंना कोपर मारलं. त्या माझ्याकडे बघेनात.

डावीतून लाखेबरोबर तांब्याच्या तारेचं वेटोळं पडलं. सोनं भरलं आठ ग्रॅम.

"ही जोडीतली नाही," कारागीर म्हणाला. "पातळ पत्र्याची मागाहून केलेली. वजन सारखं लागावं म्हणून आत तार घातलीय."

मी भडकले. "आई, कुणीतरी फसवलंय तुम्हाला!"

"हळू बोल." त्यांनी ते वेटोळं उचलून रुमालात बांधलं. "तुझे सासरे ही एकच पॉलिशला म्हणून घेऊन गेले होते. परत आली ती उजवीवर आपटली की वेगळीच वाजायची. त्याच आठवड्यात तुझ्या नवऱ्याची कॉलेजची फी भरली गेली. त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. मीही विचारलं नाही."

एकवीस ग्रॅम झालं. माझ्या हट्टाने एक ग्रॅम जास्त मिळालं होतं, आणि मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

संध्याकाळी नवरा सिरुसेरीच्या ऑफिसातून आला. बूट काढता काढता म्हणाला, "काय मग, किती लाख निघाली?"

सासूबाई भाजी चिरत होत्या. त्यांचा हात विळीवर थांबला.

"दोन्हींत सारखीच," मी म्हटलं.