मोजणी सर

माझ्या मुलीच्या कॉलेजात भाषा शिकवणाऱ्या एका सरांना पोरं 'मोजणी सर' म्हणतात. वीस वर्षं शिकवूनही कुठल्या पोराने काय लिहिलंय हे त्यांना आठवत नाही. कुणी किती शब्द लिहिले ते मात्र तोंडपाठ. वाचण्याचा आळस असा रुबाबात मिरवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

लेकीचा सत्राचा निबंध त्यांना परक्या हातचा, म्हणजे दुसऱ्याच कुणी लिहिलेला वाटला. दोष सिद्ध झाला तर तिचं वर्ष जाणार होतं. त्यांनी मला लेकीसोबत बोलावलं, आणि कागद माझ्यापुढे सरकवला.

"आधीच्या तीन निबंधांत वाक्य सरासरी एकोणीस शब्दांचं, यात नऊ. तिथे 'व', 'तसेच', 'परंतु'. इथे नुसतं 'आणि', 'पण', 'तर'. असले बारके शब्द हात बदलल्याशिवाय बदलत नाहीत, ताई. शिवाय वेगवेगळ्या शब्दांचं प्रमाण यात जास्त. म्हणजे लिहिणारा मुरलेला."

"सर, ते तीन मिळून अठराशे शब्द, हा सहाशेचा," लेक म्हणाली. "लांब मजकुरात तेच शब्द पुन्हा येणारच. सारख्या लांबीचे तुकडे घ्या ना!"

"तू मला शिकवणार?"

मी विचारलं, "परीक्षेत, तुमच्या डोळ्यांसमोर लिहिलेले निबंध का नाही घेतले?"

"ते हस्ताक्षरात आहेत. टाइप कोण करणार?"

धन्य! पोरीचं वर्ष घालवायला तयार, बोटं झिजवायला नाही. पण हसायची सोय मलाही नव्हती. ते तीन निबंध घरी केलेले होते, आणि तिला कमी मार्क पडतील या धास्तीने प्रत्येक वाक्य मीच नव्याने लिहिलं होतं. एकोणीस शब्दांची ती वाक्यं माझी. सत्राचा निबंध तिने मला दाखवलाच नव्हता.

"हात बदललाय, सर," मी म्हणाले. "पण परका हात आधीच्या निबंधांत आहे. माझा."

लेकीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

आठवडाभर कुरकुरत सरांनी परीक्षेतले दोन निबंध टाइप केले. या वेळी सहाशे-सहाशे शब्दांचे तुकडे घेतले. वाक्य नऊ-दहा शब्दांचं, तेच 'आणि', तेच 'तर', वेगवेगळ्या शब्दांचं प्रमाणही सत्राच्या निबंधाशी जवळपास सारखं. "विसंगती आढळली नाही," त्यांनी लिहिलं. "चुकलो" लिहायला एकच शब्द लागला असता. तेवढा हिशेब त्यांना जमला नाही. घरच्या तिन्ही निबंधांचे मार्क मात्र तत्परतेने रद्द केले. ते बरोबरच होतं.

निकाल ऐकून कॉलेजबाहेर आल्यावर मी म्हटलं, "सुटलो बाई एकदाचे."

"मी सुटले," लेक म्हणाली. "तू किती वर्षं लिहितेयस गं माझं? सातवीपासून ना? आई, तुला माझं लिखाण इतकं टाकाऊ वाटतं?"

मी लांबलचक खुलासा सुरू केला. तो संपायच्या आत ती बसमध्ये चढली होती.