पार्सलातला फाया

देऊळगाव राजात माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि शेजारी चाचांचं अत्तराचं. मला इंग्रजी टाइप करता येतं, एवढ्या एका पुराव्यावर गल्लीनं मला विद्वान ठरवलं आणि मीही कधी हरकत घेतली नाही. त्यामुळे चाचांनी ऑनलाइन विक्री सुरू केली तेव्हा मालाची माहिती लिहायचं काम आपसूकच माझ्याकडे आलं. माल चार प्रकारचा: अत्तराच्या कुप्या, खोलीत मारायचा सुगंधी स्प्रे, बॅटरीवर चालणारी धूपदानी आणि टोप्या. ईद तोंडावर होती. गल्लीतलं गिऱ्हाईक आटलेलं. चाचांची सगळी भिस्त या ऑनलाइन खात्यावर होती.

मी सावध माणूस. म्हणून एकच दणदणीत सूचना केली आणि चारही वस्तूंखाली चिकटवली: ‘सावधान! द्रव, बॅटरी व एरोसोल. धोकादायक माल. विमानाने नेण्यास मनाई.’

कुरिअरवाला आला. त्यानं फोनवर माहिती वाचली आणि पार्सल खाली ठेवलं.

“काका, हे नाही नेत मी.”

“काऊन? टोप्या आहेत बे!”

“मग टोप्यांत बॅटरी कशाले लिहिली?”

चाचा माझ्याकडे बघत राहिले. मी झेरॉक्सच्या मशीनकडे बघत राहिलो.

मग मी दुसरं टोक गाठलं. अत्तराखाली लिहिलं: ‘यात अल्कोहोल नाही. आग लागत नाही. स्फोट होत नाही.’ कोणी विचारलं नसताना सफाई देणाऱ्याचं जे होतं तेच झालं. ज्या कंपनीच्या साइटवर खातं होतं, तिचा कॉम्प्युटर फक्त शब्द हुडकतो. ‘नाही’ त्याला दिसत नाही. अल्कोहोल, आग, स्फोट एवढं वाचून त्यानं अत्तराची विक्रीच थांबवली.

“इतकं खरं कोन लिवते भाऊ?” चाचा म्हणाले. “माझ्या अब्बांनी उभ्या हयातीत दुकानात स्फोट हा लफ्ज काढला नव्हता.”

शेवटी कुरिअरच्या जालन्याच्या ऑफिसात गेलो. तिथल्या बाईंनी कागद पुढं ओढला. प्रत्येक वस्तूचं वेगळं लिहा, जे आहे तेवढंच लिहा, म्हणाल्या. त्याप्रमाणे अत्तराखाली आलं: ‘तेलातील सुगंध, सहा मिली, झाकण सीलबंद’, आणि सोबत बनवणाऱ्याकडून मागवलेला सुरक्षा-माहितीचा कागद. धूपदानीखाली: ‘लिथियम बॅटरी उपकरणात बसवलेली, सुटी बॅटरी सोबत नाही.’ स्प्रेखाली: ‘एरोसोल, फक्त रस्त्यानं’, आणि जिथं पार्सल विमानानंच जातं ते पिनकोड बंद. टोप्यांखाली फक्त टोप्या. अत्तर पुन्हा विक्रीला लागलं. मी गल्लीतून जरा छाती काढून चाललो.

दुसऱ्या दिवशी कुरिअरवाल्यानं टोप्यांचं पार्सल उचललं, नाकाशी नेलं आणि परत ठेवलं.

“आत काहीतरी सांडलं, काका. वास येऊन राह्यला.”

उघडलं. टोप्यांवर अत्तराचा फाया ठेवलेला होता, कापसाचा, बोराएवढा.

“हा कोणी टाकला?”

“मी,” चाचा म्हणाले. “गिऱ्हाईक खाली हात जात नाही आपल्या इथून. अब्बांपासून आहे.”

“चाचा, पण माहितीत लिहिलंय की आत फक्त टोप्या आहेत!”

“मग लिव ना, फाया आहे म्हणून. तुले तर लिवता येते.”

लिहिलं. ‘भेट म्हणून सुगंधी कापूस, वास येईल, गळती नाही.’ कुरिअरवाल्यानं वाचलं आणि अगदी कीव आल्यासारखा हसला. “गळतीवाले सगळे हेच लिहितात.” तेही पार्सल राहिलं आणि संध्याकाळी कंपनीचा निरोप आला: आणखी एक पार्सल अडकलं तर खातं बंद.

त्या दिवशी चाचांनी पार्सलात फाया ठेवणं सोडलं. हातातला कापूस कानात ठेवला आणि गल्ल्यामागं बसून राहिले.

पुढचं पार्सल धोक्यात घालायचं नाही, म्हणून त्यांच्या दुकानाचा वारासुद्धा लागू न देता मी ते माझ्याकडे बांधलं. नवा खोका, नव्या पिशवीतल्या टोप्या, नवी टेप. कुरिअरवाल्याच्या हातात दिलं. त्यानं हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग माझ्याकडे सरकून माझा हात हुंगला.

रोज सकाळी दुकान उघडताना चाचा माझ्या मनगटावर अत्तराचं बोट फिरवतात. इतक्या वर्षांत तो वास मला येईनासा झाला होता. टेपला येत होता, खोक्याला येत होता.

“अरे, हा माझा वास आहे!” मी म्हणालो.

“तुमचा असो, चाचांचा असो. मले वर जाब द्यावा लागते,” तो म्हणाला. गाडीला किक मारली आणि रिकामा गेला.

दुपारी खातं बंद झालं. चाचांना सांगायला गेलो; कसं सांगावं ते जुळवत उंबऱ्यात उभा राहिलो. त्यांनी चेहरा पाहिला, काय ते ओळखलं. मग सवयीनं कुपी उघडली आणि बोट पुढं केलं. मी मनगट पुढं केलं. दुसरं काय करणार होतो?